दिवा नवा, पट्टे जुने

घरच्या घरी व्हिडिओ करणारी बहुतेक मंडळी छताच्या ट्यूबवरच सुरुवात करतात, आणि ती बरी जाते. चेहरा थोडा निस्तेज दिसतो, डोळ्यांखाली सावली पडते, अंधाऱ्या कोपऱ्यात दाणे दिसतात. पण चित्र स्थिर असते. मग कधीतरी हौसेने एक खास दिवा घेतला जातो. सतत पेटता राहणारा, फ्लॅशसारखा क्षणभर चमकून न विझणारा, पुढे पांढऱ्या कापडाचा सॉफ्टबॉक्स लावलेला. आणि त्याच्या पहिल्याच चित्रीकरणात पडद्यावर काळपट पट्टे हलू लागतात. दोष अर्थातच नव्या दिव्यावर जातो. तो बदलून दुसरा आणला तरी पट्टे जात नाहीत.

डोंबिवलीत पाककृतींचे व्हिडिओ करणाऱ्या एका वहिनींच्या ओट्यावर नेमके हेच घडले. त्यांचे स्वयंपाकघर आपल्यापैकी अनेकांच्या घरासारखेच आहे: छताला एलईडी बॅटन, वरच्या कपाटांखाली पिवळसर एलईडीची पट्टी आणि तिला कमीजास्त करणारे बटण, चिमणीचे दोन छोटे दिवे, डावीकडे खिडकी. त्यात साठ वॅटचा नवा दिवा आला. कढईतली भाजी आता छान दिसत होती, पण मागच्या टाइल्सवर आणि कपाटांच्या दारांवर पट्टे सरकत होते. दिवा विकणाऱ्याने ‘फ्लिकर-फ्री’ सांगितले होते म्हणून वहिनी त्याच्यावर चिडल्या होत्या. खरे तर त्याने खोटे सांगितले नव्हते. पट्टे कढईवर जवळपास नव्हते आणि मागच्या भिंतीवर ठळक होते, यातच उत्तर होते: नवा दिवा जिथे पडत होता तिथे चित्र स्वच्छ होते, जुन्या बॅटनचे राज्य होते तिथे बिघडलेले.

आपल्याकडची वीज सेकंदाला पन्नास आवर्तने करते. प्रत्येक आवर्तनात प्रवाह एकदा एका दिशेने आणि एकदा उलट दिशेने चढतो-उतरतो, आणि दोन्ही वेळा दिवा उजळतो. त्यामुळे साधा दिवा सेकंदाला शंभर वेळा उजळतो आणि मंदावतो. डोळ्याला ते कळत नाही. जुन्या पिवळ्या बल्बची तापलेली तार इतक्या थोड्या वेळात फारशी थंड होत नसे, म्हणून त्याची लुकलुक सौम्य होती. चोक-स्टार्टरची जुनी ट्यूब मात्र चांगलीच लुकलुकायची. एलईडीचे सगळे आतल्या ड्रायव्हरवर अवलंबून असते. एलईडी स्वतः क्षणार्धात पेटते आणि विझते, तिच्यात तारेसारखी ऊब साठून राहत नाही. ड्रायव्हरमध्ये प्रवाह सपाट करणारा पुरेसा मोठा कपॅसिटर असेल तर उजेड स्थिर राहतो. स्वस्त बॅटनमध्ये तो लहान असतो किंवा नसतोच. चांगल्या दिव्यातलाही कपॅसिटर उष्णतेने वर्षानुवर्षे सुकत जातो, म्हणून दोन वर्षांपूर्वी ठीक असलेला दिवा आज कॅमेऱ्यात पट्टे पाडू शकतो.

आता कॅमेऱ्याची बाजू. फोनचा सेन्सर सगळे चित्र एकाच क्षणी टिपत नाही, तो एकेक ओळ क्रमाने वाचतो. पहिल्या आणि शेवटच्या ओळीत साधारण सेकंदाचा साठावा ते शंभरावा भाग इतके अंतर पडू शकते. तेवढ्यात दिवा एक-दीड वेळा उजळून मंदावलेला असतो. म्हणून काही ओळींच्या वाट्याला भर उजेड येतो, काहींच्या वाट्याला मंद, आणि त्याचा पट्टा होतो. फोन आडवा धरला की पट्टे आडवे, उभा धरला की उभे. कारण ते सेन्सरच्या ओळींना चिकटलेले असतात, खोलीला नाही. पट्टे फोनबरोबर फिरले, तर मामला दिवा आणि शटरमधला आहे हे नक्की.

नळाला पाणी झटक्याझटक्याने येत असेल आणि आपण ठरावीक वेळ धरून एकेक तांब्या भरत असू, तर प्रत्येक तांब्यात सारखेच पाणी कधी येईल? तेव्हाच, जेव्हा धरण्याचा वेळ बरोबर एका, दोन किंवा तीन झटक्यांइतका असेल. मग सुरुवात झटक्याच्या मध्यावर झाली तरी बिघडत नाही, पुढे राहिलेला अर्धा भाग शेवटी भरून निघतो. शटरचे गणित एवढेच आहे. शंभर झटक्यांच्या दिव्यात सेकंदाचा १/१०० भाग म्हणजे एक झटका, १/५० म्हणजे दोन. या दोन्हीत प्रत्येक ओळीला सारखा उजेड मिळतो. १/६० मध्ये एक पूर्ण झटका आणि दुसऱ्याचा दोन तृतीयांश येतो, म्हणून हलके पट्टे दिसतात. १/१५० मध्ये एक झटकाही पुरा होत नाही, तिथे पट्टे ठळक होतात. १/१००० मध्ये तर चित्राचा काही भाग जवळजवळ काळा पडू शकतो.

वहिनींच्या नव्या दिव्याचा ‘गुन्हा’ इथे उलगडतो. नुसती बॅटन होती तेव्हा ओट्यावर उजेड दोनशे लक्सच्या आसपास होता. एवढ्या कमी उजेडात फोन स्वतःहून शटर लांबवतो, आणि आजचे बरेच फोन दिव्याची लुकलुक ओळखून १/५० किंवा १/१०० च निवडतात. नवा दिवा मीटरभर अंतरावर लागला आणि कढईवरचा उजेड दोन हजार लक्सपर्यंत गेला. फोनच्या भिंगाचे तोंड लहानमोठे होत नाही, ते बहुधा एफ १.८ च्या आसपास कायम उघडे असते. उजेड आवरायला फोनकडे दोनच मार्ग: आयएसओ उतरवणे आणि शटर आखूड करणे. आयएसओ तळाला, समजा पन्नासला, जाऊन टेकला की शटर आखूड करण्यावाचून गत्यंतर उरत नाही. ढोबळ हिशेबाने आयएसओ ५० आणि १/५० शटरला आठशे लक्स उजेड पुरतो. दोन हजार आला की फोन १/१२५, १/१५० कडे धावतो. जुन्या बॅटनची लुकलुक आधीही होतीच, लांब शटरने ती झाकली होती. उजेड वाढला तशी ती उघडी पडली.

हे नीट समजले की ‘व्हिडिओ लुकलुकतो, आणखी जोरदार दिवा घ्या’ हा सल्ला किती उलटा आहे ते कळते.

पण अंदाजाने दोषी ठरवू नये. तपास सोपा आहे, त्याला उपकरण लागत नाही. रात्री किंवा पडदे ओढून सगळे दिवे बंद करावेत. मग एका वेळी एकच दिवा लावून, त्याच्या उजेडात पांढरी भिंत किंवा पांढरे ताट फोनच्या स्लो मोशनमध्ये, सेकंदाला २४० चित्रे या वेगाने, टिपावे. असा व्हिडिओ सहसा आठपट सावकाश चालतो, म्हणून शंभरची लुकलुक सेकंदाला बारा-तेरा वेळा होताना उघड्या डोळ्यांना दिसते. वहिनींच्या घरी बॅटन लावल्याबरोबर ताट फडफडू लागले. चिमणीचे दिवेही थोडे हलले. नवा दिवा पूर्ण शांत होता.

कपाटाखालच्या पट्टीने मात्र दोन उत्तरे दिली. बटण पूर्ण उघडे असताना शांत, अर्ध्यावर आणले की गडबड. असे डिमर बहुधा प्रवाह कमी करत नाहीत, ते एलईडी फार वेगाने चालू-बंद करतात. बंद वेळ जास्त ठेवला की डोळ्याला उजेड कमी वाटतो. हा वेग सेकंदाला काहीशेपासून कित्येक हजारांपर्यंत काहीही असू शकतो. तो पकडायला प्रो मोडमध्ये शटर १/२००० करून त्याच भिंतीचा फोटो घ्यावा. एक-दोन जाड पट्टे दिसले तर शंभरची, म्हणजे घरच्या विजेची लुकलुक समजावी. कंगव्याच्या दातांसारखे दाट, बारीक पट्टे दिसले तर डिमरची. हा फरक महत्त्वाचा आहे, कारण पहिलीला १/५० शटर हा खात्रीचा उपाय आहे. दुसरीच्या बाबतीत १/५० मध्ये अनेक झटके मावतात म्हणून ती सहसा दिसत नाही, पण शटर जरा आखूड झाले की डोके वर काढते. स्वस्त रिंग लाइट आणि काही व्हिडिओ दिवेही अगदी मंद केल्यावर हेच करतात. म्हणून माझे मत असे की दिवा दहा टक्क्यांवर उतरवण्यापेक्षा लांब न्यावा. अंतर दुप्पट केले की उजेड चौथा हिस्सा होतो.

तपास झाल्यावर मांडणी. पहिली गोष्ट म्हणजे बॅटन, पट्टी आणि चिमणीचे दिवे चित्रीकरणापुरते बंद करणे. बरेच जण इथे कचरतात, लावलेला दिवा विझवणे म्हणजे उजेड वाया घालवणे वाटते. पण छताच्या बॅटनने फक्त डोक्याची सावली कढईत पाडण्याचे काम केलेले असते, आणि तिचा रंगही खिडकीशी जुळत नाही. पिवळसर पट्टी, निळसर बॅटन आणि दिवसाचा उजेड एकत्र आले की फोनने कितीही हिशेब केला तरी भाताचा एक भाग पिवळा आणि एक निळा राहतो. एकच मुख्य दिवा, खिडकीच्या रंगाशी जुळणारा, म्हणजे ५६०० केल्विनच्या आसपासचा, बाकी सगळे बंद. लुकलुक आणि रंग हे दोन्ही प्रश्न एकाच बटणाने सुटतात.

अन्नासाठी दिवा कॅमेऱ्याच्या बाजूने समोरून मारू नये. कढईला घड्याळाची तबकडी मानली आणि कॅमेरा सहाच्या जागी ठेवला, तर दिवा दहा किंवा अकराच्या जागी, ओट्यापासून हात-दीड हात वर, खाली झुकवलेला. मागून तिरका येणारा उजेड भाकरीचे पापुद्रे, रश्शावरचा तवंग आणि वाफ उठून दाखवतो. समोरून आलेला हे सगळे सपाट करतो. अलीकडची बाजू काळी पडेल, तिथे थर्माकोलचा पांढरा तुकडा टेकवावा. ओट्याचा काळा ग्रॅनाइट आरशासारखा वागतो आणि सॉफ्टबॉक्सचा पांढरा चौकोन त्यात दिसू लागतो. दिवा वीतभर सरकवला किंवा खाली लाकडी पाट ठेवला की तो जातो. स्टँडच्या पायांवर वाळूची पिशवी हवीच, आणि सॉफ्टबॉक्सचे कापड गॅसच्या ज्योतीपासून चांगले लांब. स्वयंपाकघरात पंखा चालू नसला तरी कोणीतरी वायरीत पाय अडकवतेच.

आता फोन. वहिनींचा अँड्रॉइड होता, त्यात प्रो व्हिडिओ मोड होता. सेकंदाला पंचवीस चित्रे, शटर १/५०, व्हाइट बॅलन्स ५६०० वर पक्का, आयएसओ तळाला. चित्र तरीही पांढरेफटक येत होते, कारण कढईवर दोन हजार लक्स होते आणि हवे होते आठशे-नऊशे. दिवा एका मीटरवरून दीड मीटरवर नेला. दीडचा वर्ग सव्वादोन, म्हणून उजेड दोन हजारांवरून नऊशेच्या खाली आला. उरलेले काम दिव्याचे बटण थोडे फिरवून झाले. यात एक किंमत मोजावी लागते: दिवा लांब गेला की कढईच्या दृष्टीने तो लहान होतो आणि सावल्यांच्या कडा कडक होतात. ते नको असेल तर दिवा जवळच ठेवून फोनच्या भिंगावर एनडी फिल्टर, म्हणजे धुरकट काच, लावावी. ‘एनडी ४’ काच उजेड चौथा हिस्सा करते. खिडकीतून थेट ऊन येत असेल तेव्हा तर काच किंवा पातळ पांढरा पडदा यांशिवाय १/५० टिकवताच येत नाही.

आयफोनच्या मूळ कॅमेऱ्यात शटर हाताने धरून ठेवण्याची सोय नाही. त्यात Settings मध्ये Camera, मग Record Video इथे जाऊन Show PAL Formats चालू केले की पंचवीस चित्रांचा पर्याय मिळतो, आणि शटरसाठी Blackmagic Camera सारखे मोफत ॲप घ्यावे लागते. लॅपटॉपच्या वेबकॅमवर शिकवणी घेणाऱ्यांनी कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये Powerline frequency किंवा Anti-flicker शोधावे. तिथे बहुधा ६० लिहिलेले असते, ते ५० करावे. निम्म्या ऑनलाइन वर्गांची लुकलुक एवढ्यानेच थांबेल, असे मला वाटते.

पंचवीसच चित्रे कशाला, तीस का नकोत? तीसमध्येही शटर १/५० असेल तर पट्टे येत नाहीत. पण काही उरलीसुरली लुकलुक असेल तर तीसमध्ये ती पटापट थरथरते, कारण दोन चित्रांमध्ये दिवा सव्वातीन झटक्यांहून थोडा अधिक पुढे जातो आणि पट्ट्याची जागा दरवेळी बदलते. पंचवीसमध्ये नेमके चार झटके होतात, पट्टा जवळपास जागच्या जागी राहतो आणि कमी खुपतो. वीज नेमकी पन्नासवर नसते, थोडी वरखाली होते, म्हणून तो पट्टा फार तर सावकाश सरकतो. सिनेमावाल्यांना हे जुने आहे: सेकंदाला चोवीस चित्रांच्या कॅमेऱ्याचे फिरते शटर आपल्याकडच्यासारख्या पन्नास आवर्तनांच्या देशांत नेहमीच्या १८० अंशांऐवजी १७२.८ अंशांवर ठेवतात, कारण मग उघडे राहण्याचा वेळ बरोबर १/५० होतो. लेकीकडे न्यू जर्सीला गेलात तर तिथली वीज साठ आवर्तनांची आहे. तिथे तीस चित्रे आणि १/६०. इथली सेटिंग तिथे नेली की पट्टे हजर. लग्नाच्या मांडवातला जनरेटर किंवा घरचा जुना इन्व्हर्टर पन्नासवर टिकत नसेल, तेव्हाही हेच होऊ शकते.

दोन गोष्टी लुकलुकीसारख्या दिसतात पण त्या लुकलुक नव्हेत. एक, छताचा पंखा. दिवा पंख्याच्या वर असेल तर तीन पाती मिनिटाला तीनशे फेऱ्यांनी फिरताना उजेड सेकंदाला पंधरा वेळा कापतात. यात पट्टे नसतात, सगळी खोली लपलपते, आणि कुठलेही शटर त्याला औषध नाही. दिवा पंख्याच्या खाली आणावा, नाहीतर पंखा बंद. दोन, फोनचे आपोआप उजेड जुळवणे. काळ्या कढईसमोर पांढरे ताट आले की फोन सगळे चित्र मंद करतो, ताट गेले की पुन्हा उजळतो. पडद्यावर बोट दाबून ठेवून एक्स्पोजर लॉक केले की हे थांबते.

रंगाबद्दल एवढेच, की खोक्यावरच्या ‘सीआरआय ९५’ या आकड्यावर समाधान मानू नये. तो आकडा आठ फिकट रंगांची सरासरी आहे, त्यात गडद लाल धरलेला नसतो. गडद लालसाठी ‘आर ९’ असा वेगळा आकडा असतो. मिसळीची तर्री तपकिरी दिसू लागली की बहुधा हा आकडा कमी असतो. दिवा घेताना तो विचारावा. विक्रेत्याला सांगता आला नाही, तर दुकानातच लाल तिखटाची पुडी दिव्याखाली धरावी, आणि मग तीच दाराशी दिवसाच्या उजेडात धरून दोन्ही चित्रे शेजारी ठेवावीत.

फोटो काढणाऱ्यांना पट्ट्यांचा त्रास वेगळ्या रूपात होतो. जुन्या ट्यूबखाली १/५०० ने सलग फोटो काढले तर एक उजळ, एक अंधारा, एक पिवळसर असे येतात. काही कॅमेरे दिव्याचे झटके मोजून भर उजेडाच्या क्षणालाच शटर उघडतात. कॅननने २०१४ च्या सेव्हन डी मार्क टू मध्ये ही सोय आणली. ती नसेल तर १/१०० किंवा त्याहून लांब शटर, आणि आवाज न करणारे इलेक्ट्रॉनिक शटर असल्यास ते बंद, कारण ते ओळीओळीने आणि बऱ्याचदा सावकाश वाचते.

राहिली फोडणी. मोहरी तडतडताना स्लो मोशनमध्ये पकडण्याचा मोह सगळ्यांनाच होतो. सेकंदाला २४० चित्रे घ्यायची तर एका चित्राला १/२४० पेक्षा जास्त वेळ देताच येत नाही, म्हणजे शंभरच्या झटक्यांपैकी एकही पूर्ण मावत नाही. इथे शटरची युक्ती संपते. दिवा मुळातूनच स्थिर हवा: बॅटरीवर किंवा चांगल्या ॲडॉप्टरवर चालणारा, तपासणीत शांत निघालेला आणि शक्यतो पूर्ण जोरावर, नाहीतर खिडकीचा उजेड. स्लो मोशनला उजेडही फार लागतो, तेव्हा मांडणीत लांब नेलेला दिवा आता पुन्हा एका मीटरवर आणायचा. बाकीच्या खोल्यांतून येणारा उजेडही दार लोटून अडवायचा, कारण बाहेरच्या हॉलमधली बॅटन फ्रिजच्या दारावर लुकलुकताना दिसतेच. आणि तेल तापवण्याआधी कोरड्या कढईत चमचाभर मोहरी वरून सोडून पाच सेकंदांचा तुकडा टिपून पाहायचा. तो स्वच्छ निघाला की मग गॅस पेटवायचा.